रेडिएटर गार पडला की हवाच काढायची?

ऑक्टोबर उजाडला की ब्रिटन-जर्मनीतल्या मराठी घरांमध्ये एकच सल्ला फिरू लागतो: "रेडिएटर गार आहे ना? हवा भरली असेल, हवा काढ." मग किल्ली शोधायची, खाली कप धरायचा आणि हवेऐवजी पाण्याची धार आली तरी हाच सल्ला पुढच्याला द्यायचा! अहो, हवा वर जमते. त्यामुळे रेडिएटर वर गार आणि खाली गरम लागतो. किल्ली फिरवताच पाणी आलं, तर तिथे हवा नाहीच. उलट पाणी काढत राहिलात तर दाब उतरून बॉयलर बंद पडायचा.

अख्खा रेडिएटर गार, पण झडपेपर्यंत येणारा पाइप चांगला गरम, असं असेल तर संशय झडपेवर घ्या. थर्मोस्टॅटच्या टोपीत मेण किंवा द्रव भरलेली कुपी असते. खोली तापली की ती फुगून खालची पिन दाबते आणि पाणी थांबतं. खोली गार झाली की झडपेतली स्प्रिंग पिन वर ढकलते. उन्हाळाभर झडप बंद ठेवली, तर पिन महिनोन्‌महिने दाबलेली राहते, सीलजवळ क्षार आणि गाळ बसतो आणि स्प्रिंगचा जोर कमी पडतो.

माझ्या भाच्याच्या खोलीत हेच झालं होतं. टोपी 5 वर ठेवून तिचं कडं हाताने सोडवलं. टोपी निघाली की झडप पूर्ण उघडायला हवी, पण पिन खालीच होती. पान्याच्या सपाट बाजूने ती हलकेच दाबत-सोडत राहिल्यावर एकदाची दोन-तीन मिलिमीटर वर उसळली. थोड्याच वेळात रेडिएटर तापू लागला.

पिन पक्कडीने ओढायचा मोह मात्र आवरा. ती हातात आली तर गरम पाण्याचा फवारा अंगावर येतो. तेलकट स्प्रेही मारू नका, आतल्या रबरी सीलला खनिज तेल मानवत नाही. पिनच्या कडेने पाणी झिरपू लागलं, तर प्लंबरला बोलवा; भाड्याच्या घरात घरमालकाला कळवा.

रेडिएटर सतत गरम राहत असेल, तर टोपी काढून लाकडाच्या तुकड्याने पिन दाबून धरा. रेडिएटर हळूहळू निवू लागला तर झडप ठीक आहे, टोपी बदला. पिन दबतच नसेल, तर ती वर अडकली आहे.

"5 वर ठेवलं की खोली लवकर तापते": नाही. आकडा वेग नव्हे, थांबण्याचं तापमान ठरवतो. 3 म्हणजे साधारण 20 अंश.

"उन्हाळ्यात झडप बंद ठेवली की बचत होते": हीटिंगच बंद असताना कसली बचत? तेव्हा टोपी 5 वर ठेवा, म्हणजे पिन मोकळी राहील.