हिशेबाचे कागद, भाग ९ : तीन की आठ?

गेल्या भागात बिलं महिन्यावार कशी लावायची ते पाहिलं. पण बिल हल्ली कागद म्हणून येतंच कुठे? जीएसटीआर-३बी भरायची वीस तारीख जवळ आली की पुण्यातल्या पेठांमधल्या करसल्लागारांच्या फोनवर बिलांचे फोटो धडाधड पडू लागतात. एकूण रक्कम ठळक दिसते, पण बारीक आकडे मोठे करून पाहिले की नुसते करडे ठिपके.

हे का होतं? व्हॉट्सअॅपवर साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल. आठ पॉइंटचा छापील आकडा सुमारे दोन मिलिमीटरचा असतो. त्याच्या वाट्याला दहा-अकरा पिक्सेल येतात, तेही कागदाने सगळा फोटो व्यापला असेल तर. बिलाबरोबर टेबल आणि चहाचा कप आला की पाच-सहाच उरतात. वर जेपीईजी पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला बारीक तपशील टाकून देते. तीन आणि आठ यांच्यात फरक काय, तर डावीकडच्या दोन छोट्या रेघा. त्याच आधी जातात. रंगाचा तपशील तर बहुधा निम्म्यावर आणलेला असतो, त्यामुळे बिलबुकातला लाल छापील नंबर काळ्या आकड्यांच्या आधी फुटतो.

दोष फॉरवर्डवर ढकलला जातो, पण नुसतं फॉरवर्ड केल्याने सहसा तीच फाइल पुढे जाते. खरी वाट लागते ती कुणी स्क्रीनशॉट काढून, कापून, पुन्हा फोटो म्हणून पाठवतो तेव्हा. फोटोच्या वर घड्याळ आणि बॅटरीची पट्टी दिसली की समजावं.

आता एक उदाहरण घेऊ. कोथरूडमधल्या गॅरेजवाल्याने नाना पेठेतून स्पेअर पार्ट घेतले. करपात्र रक्कम ३,६४० वाटते, पण ८,६४० किंवा ३,८४०सुद्धा असू शकेल. एकूण मात्र मोठ्या टाइपात आहे : ४,२९५. कर अठरा टक्के, म्हणून ४,२९५ला १.१८ने भागलं, ३,६३९.८३ आले. रुपयात पूर्णांक केल्याचा फरक सोडला तर ३,६४०च. ताळा करायचा तर सीजीएसटी ३२७.६० आणि एसजीएसटी तेवढाच. पुसट दिसणारा '३२_.६०' त्यात चपखल बसतो. ३,८४० असते तर तिथे ३४५.६० हवे होते, आणि दोन व चार यांची गल्लत सहसा होत नाही. रक्कम सुटली.

विक्रेत्याचा जीएसटी क्रमांकही असाच तपासता येतो. पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेलं असतं, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा वाचला तर पोर्टलवर तो क्रमांक सापडत नाही. बरोबर वाचला तर दुकानाचं नाव समोर येतं.

अडतं ते बिल नंबरवर. २३१३ की २३१८? तारीख सहा की आठ? या आकड्यांना बिलावर दुसरा साक्षीदार नाही. चौदा तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतं, त्यात नंबर, तारीख आणि रक्कम तिन्ही असतात. ३,६४०चं एकच बिल त्या दुकानाच्या नावावर दिसलं तर नंबर तिथून पक्का करावा. पण दुकानदार तिमाही विवरणपत्र भरणारा असेल आणि त्याने हे बिल अजून चढवलं नसेल, तर पडताळायला काहीच नाही. अशा वेळी फोटो परत पाठवायचा. अंदाजाने नंबर टाकला की तो पुढे २बीशी जुळत नाही, आणि तेच बिल दुसऱ्या नंबराने पुन्हा नोंदवलं जाण्याचा धोका राहतो. माझा ठोकताळा असा : आकडा दहा पिक्सेलांहून कमी उंच असेल आणि त्याला दुसरा पुरावा नसेल, तर डोळे ताणण्यात अर्थ नाही.

फोटो 'स्पष्ट' करून देणारी अॅप्स मात्र वापरू नयेत. २०१३मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना सहाच्या जागी आठ टाकत होती. दाबणीची पद्धत सारख्या दिसणाऱ्या आकड्यांसाठी एकच ठसा वापरायची. पुसट आकडा निदान शंका तरी आणतो, चुकीचा स्वच्छ आकडा तेही करत नाही.

परत पाठवताना 'नीट पाठवा' म्हटलं की तोच फोटो पुन्हा येतो. त्याऐवजी असं लिहावं : "दादा, बिल नंबर आणि तारीख वाचता येत नाही. मूळ बिल सपाट ठेवून खिडकीपाशी नवीन फोटो काढा, फक्त कागद येऊ द्या, आणि फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा." डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल दाबली जात नाही. मूळ बिलच हरवलं असेल तर दुकानातून दुसरी प्रत आणायला सांगावी, कारण कर वजावटीसाठी बिल हाताशी असणं कायद्याने लागतंच.

पुढच्या भागात : पेट्रोल पंपाच्या थर्मल पावत्या कोऱ्या होण्याआधी काय करायचं.