शून्य कोटी आणि प्रथम कोटी : औषधांच्या निचऱ्याचे दोन नियम

१९६८ व १९६९ या वर्षांत ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या अनेक रुग्णांमध्ये विषबाधेची लक्षणे दिसू लागली. डोळ्यांची बुबुळे थरथरत, चालताना तोल जाई, बोलणे अडखळे. या रुग्णांनी मात्रा वाढविली नव्हती. कॅप्सूलमधील औषधाचे वजनही पूर्वीइतकेच होते. शोध घेता असे आढळले की, कॅप्सूल भरण्यासाठी औषधासोबत जी निरुपद्रवी भुकटी घालतात तीच तेवढी बदलण्यात आली होती. कॅल्शियम सल्फेटाच्या जागी लॅक्टोज म्हणजे दुग्धशर्करा वापरण्यात आली होती. कॅल्शियम सल्फेटामुळे औषधाचा काही भाग आतड्यातून शोषला जात नसे. लॅक्टोजमुळे तो अडथळा दूर झाला. एवढ्याशा फरकाने विषबाधा कशी झाली, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक औषधांच्या बाबतीत असा फरक कोणाच्या ध्यानातही आला नसता. फेनिटॉइनच्या बाबतीत तो का आला, याचे उत्तर औषधाच्या निचऱ्याच्या ‘कोटी’त सापडते.

प्रथम या शब्दाचाच विचार केला पाहिजे. ‘कोटी’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात शंभर लक्ष ही संख्या तरी येते किंवा दर्जा तरी येतो. ‘प्रथम कोटीचा कवी’ असे आपण म्हणतो. येथे दोन्ही अर्थ अभिप्रेत नाहीत. प्रक्रियेचा वेग पदार्थाच्या प्रमाणाच्या कितव्या घातावर अवलंबून आहे, एवढेच ही संज्ञा सांगते. वेग प्रमाणाच्या पहिल्या घाताशी निगडित असेल, म्हणजे प्रमाण दुप्पट होताच वेगही दुप्पट होत असेल, तर ती प्रक्रिया प्रथम कोटीची होय. वेग शून्य घाताशी निगडित असेल, तर कोणत्याही संख्येचा शून्य घात एक असल्यामुळे, प्रमाण कितीही असो, वेग तोच राहतो. ‘शून्य कोटी’ याचा अर्थ निचरा शून्य असा नव्हे. निचऱ्याचा वेग प्रमाणाची दखल घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

बहुसंख्य औषधे नेहमीच्या मात्रेत प्रथम कोटीच्या नियमाने शरीराबाहेर पडतात. ठरावीक काळात रक्तातील औषधाचा ठरावीक अंश नाहीसा होतो. प्रमाण सोळावरून आठावर यावयास जेवढा वेळ लागतो, तेवढाच आठावरून चारावर यावयास लागतो. या वेळेलाच अर्धायुष्य म्हणतात, आणि तो त्या औषधाचा स्थिर गुणधर्म मानता येतो. शिवाय रोजची मात्रा सहाव्या हिश्श्याने वाढविली, तर रक्तातील स्थिर पातळीही सहाव्या हिश्श्यानेच वाढते. वैद्याचा मात्रेविषयीचा सारा सहज अंदाज या समप्रमाणावर उभा आहे.

शून्य कोटीत ठरावीक काळात ठरावीक अंश नव्हे, तर ठरावीक राशी नाहीशी होते. तेथे अर्धायुष्य या शब्दाला निश्चित अर्थ उरत नाही. कारण प्रमाण जितके अधिक, तितका ते निम्मे होण्यास वेळ अधिक लागतो.

ही औषधांची दोन भिन्न कुळे आहेत असे मात्र समजू नये. दोन्ही वर्तने एकाच सूत्राची दोन टोके आहेत. यकृतातील विकरे, म्हणजेच एंझाइमे, औषधाचे रूपांतर करतात, आणि त्यांची संख्या मर्यादित असते. पिठाच्या गिरणीत दिवसाला चारच डबे आले तर चार दळले जातात, आठ आले तर आठ. परंतु चाळीस डबे रांगेत उभे राहिले की गिरणी आपल्या पूर्ण गतीने चालते, आणि रांग शंभर डब्यांची झाली तरी त्या गतीत भर पडत नाही. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ साली मांडलेले सूत्र हेच सांगते :

R = Vmax × C / (Km + C)

यात R हा निचऱ्याचा वेग, C हे रक्तातील प्रमाण आणि Vmax हा विकराचा कमाल वेग. ज्या प्रमाणाला वेग कमालीच्या निम्मा होतो, ते प्रमाण Km होय. C हे Km च्या मानाने अगदी लहान असेल, तर छेदातील C उपेक्षणीय ठरतो आणि वेग C च्या समप्रमाणात राहतो. ही प्रथम कोटी. C हे Km हून पुष्कळ मोठे असेल, तर Km उपेक्षणीय ठरतो, अंशातील व छेदातील C एकमेकांना छेदतात आणि वेग Vmax एवढाच उरतो. ही शून्य कोटी. तेव्हा अमुक औषध कोणत्या कोटीचे, हा प्रश्न अपुरा आहे. व्यवहारात त्याचे प्रमाण Km च्या कोणत्या बाजूला पडते, हे विचारले पाहिजे. बहुतेक औषधांचे उपचारयोग्य प्रमाण Km च्या खूपच खाली असते. मद्यार्क आणि फेनिटॉइन यांचे तसे नसते, परंतु दोहोंची कारणे वेगळी आहेत.

मद्यार्काच्या बाबतीत कारण राशीचे आहे. औषधे मिलिग्रॅममध्ये घेतात, मद्यार्क ग्रॅममध्ये. आपल्याकडील व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरांत सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दहा हजार मिलिग्रॅम मद्यार्क असतो. साठ किलो वजनाच्या पुरुषाने तेवढा उपाशीपोटी घेतल्यास रक्तात दर १०० मिलिलिटरांमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम प्रमाण होऊ शकते. यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या विकराच्या प्रमुख प्रकारांचे Km सुमारे १० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी आहे. म्हणजे पहिल्या पेल्यातच गिरणीपुढे रांग लागते. त्यातच या विकराला लागणारे सहविकर वापरले गेल्यावर पुन्हा पूर्वस्थितीत यावयास वेळ घेते, आणि त्यामुळेही वेगाला मर्यादा पडते. स्वीडनचे एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविल्याप्रमाणे रक्तातील मद्यार्क जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. हा उतार ताशी दर १०० मिलिलिटरांमागे सरासरी १५ मिलिग्रॅम धरतात. व्यक्तिपरत्वे तो साधारण १० ते २५ असतो.

समजा, रात्री अकरा वाजता एखाद्याच्या रक्तात हे प्रमाण १५० मिलिग्रॅम आहे आणि पिणे व शोषण दोन्ही संपली आहेत. ताशी १५ या वेगाने ते पहाटे चार वाजता ७५ होईल. हे पाच तास अर्धायुष्य समजून पुढील गणित केले, तर आणखी पाच तासांनी ३७.५ उरेल असे वाटेल. प्रत्यक्षात त्या अडीच तासांतच तेवढे उरेल. मोटार वाहन अधिनियम १९८८ ने ठरविलेली ३० मिलिग्रॅमची मर्यादा मात्र सकाळी सात वाजता येईल. पूर्ण झोप झाली तरी त्याआधी गाडी चालविणारा मनुष्य मर्यादेबाहेरच असेल. लिंबूपाणी, ताक किंवा कॉफी यांनी Vmax बदलत नाही, म्हणून हा काळही आटोपत नाही. प्रमाण अगदी खाली, Km च्या जवळ आले की ही सरळ रेषा वाकते आणि निचरा प्रथम कोटीकडे झुकतो.

फेनिटॉइनची मात्रा मिलिग्रॅमचीच असते; तेथे कारण Km चे आहे. १९३८ साली मेरिट आणि पटनम यांनी ज्याची अपस्मारावरील उपयुक्तता दाखविली, त्या या औषधाचे उपचारयोग्य प्रमाण दर लिटरला १० ते २० मिलिग्रॅम आहे, तर त्याचे रूपांतर करणाऱ्या विकराचे Km सरासरी ४ मिलिग्रॅम आहे. उपचारासाठी लागणारे प्रमाणच Km च्या वर, परंतु फार वर नाही, अशा ठिकाणी पडते. म्हणून येथे शुद्ध शून्य कोटी नाही, दोन टोकांमधील वळण आहे. आणि धोका या वळणावरच आहे.

साठ किलो वजनाचा प्रौढ रुग्ण घ्या. Vmax दर किलोला रोज ७ मिलिग्रॅम धरल्यास एकूण ४२० मिलिग्रॅम होतो. रोज शोषली जाणारी मात्रा D असेल, तर आवक व निचरा समान झाल्यावरची स्थिर पातळी अशी येते :

C = Km × D / (Vmax − D)

D ३०० असता पातळी १० येते. ३५० असता ती २० येते. ४०० असता ती ८० येते. मात्रा सहाव्या हिश्श्याने वाढविताच पातळी दुप्पट झाली, आणि पुढील तेवढ्याच वाढीने ती चौपट झाली. प्रथम कोटीचा नियम लागू असता, तर याच मात्रांना १०, ११.७ आणि १३.३ या पातळ्या आल्या असत्या. ४२० च्या वर तर स्थिर पातळी हा प्रकारच उरत नाही. औषध रोज साचतच जाते. साधारणतः २० च्या वर बुबुळे थरथरू लागतात, ३० च्या वर तोल जातो आणि ४० च्या वर गुंगी व बुद्धिभ्रम येतो. म्हणूनच ३०० मिलिग्रॅमनंतर मात्रा २५ ते ३० मिलिग्रॅमच्या पायरीने वाढविण्याचा प्रघात आहे.

दुसरी अडचण काळाची. याच रुग्णात औषध नव्याने सुरू केल्यास रोज ३०० मिलिग्रॅमवर स्थिर पातळीचा नव्वद टक्के टप्पा सुमारे आठवड्यात गाठला जातो. ३५० वर त्यास तीन आठवडे लागतात आणि ४०० वर जवळजवळ आठ महिने. मात्रा वाढविल्यानंतर चारपाच दिवसांत केलेली रक्ततपासणी म्हणूनच खोटा दिलासा देते. पातळी तेव्हा चढतीवरच असते. उतरतानाही तोच प्रकार दिसतो. औषध थांबविल्यावर ४० वरून २० वर यावयास सुमारे दोन दिवस, २० वरून १० वर यावयास सव्वा दिवस आणि १० वरून ५ वर यावयास पाऊण दिवस लागतो. यांतील कोणत्या काळाला अर्धायुष्य म्हणावे?

ब्रिस्बेनचे कोडे आता सुटते. समजा, एखादा रुग्ण ३५० मिलिग्रॅम घेत होता आणि जुन्या कॅप्सूलमधून त्यांपैकी ३०० च शोषले जात होते. त्याची पातळी १० होती. भुकटी बदलताच सगळे ३५० शोषले गेले आणि पातळी २० झाली. जो आधीच ३५० शोषीत होता, त्याला तेवढीच वाढ विषबाधेकडे नेण्यास पुरेशी होती.

वरील आकडे सरासरीचे आहेत, आणि येथेच गणिताची मर्यादा आहे. CYP2C9 हे फेनिटॉइनचे मुख्य विकर काही व्यक्तींत आनुवंशिकतेने मंद असते. अशा रुग्णाचा Vmax ३०० च्याही खाली असू शकतो, आणि त्याला ‘नेहमीची’ मात्रादेखील साचते. शिवाय या औषधाचा सुमारे नव्वद टक्के भाग रक्तातील अल्ब्युमिनला बांधलेला असतो. अल्ब्युमिन कमी असेल, तर एकूण पातळी योग्य दिसूनही मोकळे, कार्यकारी औषध अधिक असते. म्हणून प्रयोगशाळेचा आकडा बुबुळांच्या व चालीच्या परीक्षेसोबतच वाचावा लागतो. सूत्र रुग्णाची नेमकी पातळी सांगत नाही. मात्रेतील पुढची लहानशी पायरी रुग्णाला किती उंच नेऊ शकेल, हे मात्र ते आधी सांगते.