भाड्याचं घर : भाग ९ – अंगठ्याच्या आदल्या दिवशी

माझ्या भाच्याची बँकेतली बदली श्रीरामपूरला झाली, तेव्हा बेलापूर रोडला दोन खोल्यांची जागा ठरली. भाडं ७,००० रुपये, अनामत २०,००० आणि टोकन म्हणून दिलेले २,०००. मालक निवृत्त शिक्षक, खालच्या मजल्यावरच राहणारे. करार शनिवारी चारला व्हायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी बदलीचा आदेश फिरला, श्रीरामपूरऐवजी कोपरगाव. भाच्याने मोबाइल काढला आणि लिहायला लागला, "सर, काही अपरिहार्य कारणामुळे..."

मी त्याला थांबवलं. आधी चालान भरलं आहे का ते पाहू, म्हटलं.

आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन होतो. एजंट आधी दोघांची माहिती, घराचा पत्ता, भाडं आणि मुदत भरून मसुदा तयार करतो. मग मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचं चालान भरलं जातं. शेवटी तो अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी येतो, मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे फोटो-ठसे घेतो. यातल्या कोणत्या टप्प्यावर आपण माघार घेतो, त्यावर समोरच्याचं नुकसान ठरतं. नुसता मसुदा झाला असेल तर एजंटाची मेहनत तेवढी वाया जाते. चालान भरलं असेल तर पैसा अडकतो. ठसे देऊन नोंदणीच झाली असेल, तर फोनवर माफी मागून भागत नाही. मग करारातली नोटिशीची मुदत पाळावी लागते.

आमचं चालान दुपारीच भरलं गेलं होतं, भाच्याच्या खात्यातून. रक्कम मोठी नव्हती. ११ महिन्यांचं भाडं ७७,००० आणि अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे मुद्रांक शुल्क दोनशेच्या आसपास. नोंदणी फी वेगळी. दस्तावर सह्या-ठसे झालेले नसतील, तर शुल्काच्या परताव्यासाठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो आणि काही कपात होऊन पैसे मिळतात. चालान भाच्याने भरलेलं, त्यामुळे तो अर्ज त्याचा त्यानेच करायचा होता. सरांना त्यात ओढायची गरज नव्हती.

सरांचं खरं नुकसान वेगळंच होतं. चार दिवसांपूर्वी दुसरं एक कुटुंब जागा बघायला आलं होतं आणि "जागा गेली" म्हणून सरांनी त्यांना परत पाठवलं होतं. साक्षीला त्यांचा मेव्हणा गावाहून सकाळच्या गाडीने निघणार होता. म्हणून फोन रात्रीच करायचा होता. मेव्हणा गाडीत बसल्यावर केलेला फोन काय कामाचा?

भाच्याने फोन लावला. "सर, माझी बदली कोपरगावला झाली, ऑर्डर आत्ताच आली. उद्याचा करार करता येणार नाही. तुमच्या मेव्हण्यांना येऊ नका म्हणून सांगा. ते आधीचे लोक अजून जागा शोधत असतील तर त्यांना आजच कळवा, माझ्यासाठी थांबू नका."

पलीकडे जरा शांतता. मग सर म्हणाले, "अरे, रंग दिला ना मी."

बहुतेक जण इथे घसरतात. ओशाळून "बघतो, कदाचित बदली रद्दही होईल" असं काहीतरी बोलून जातात आणि मालक आणखी आठवडाभर जागा अडकवून बसतो. भाचा म्हणाला, "टोकन रंगासाठी ठेवा, सर. एजंटाच्या कामाचे मी त्याला परस्पर देतो." सरांनी हजार ठेवले, हजार परत केले. "रंग तसाही द्यायचाच होता," असंही म्हणाले. मग हेच सगळं त्याने चार ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि एजंटाला फोन केला. हा क्रम उलटा झाला असता, तर मालकाला बातमी एजंटाच्या तोंडून कळली असती, आणि लहान गावात तेच जास्त लागतं.

नुसती जागा बघायला जाणं रद्द करायचं असेल तर हिशेब सोपा आहे, पण लोक तिथेच जास्त बेफिकीर असतात. श्रीरामपुरातल्या कितीतरी जागांचे मालक शहरात राहतच नाहीत. कोणी टाकळीभानहून, कोणी बेलापूरहून मोटारसायकलवर येऊन कुलूप उघडून देतो. आवर्तन सुटलेलं असेल तर पाण्याची पाळी दुसऱ्याच्या भरवशावर टाकून निघालेला असतो. पाचची वेळ असेल तर चारलाच कळवावं. पाचला केलेल्या फोनपर्यंत तो कुलपापाशी उभा असतो. आणि जागा नकोच असेल तर पुढची तारीख मागू नये.

दोन महिन्यांनी भाच्याच्याच बँकेतला एक जण श्रीरामपूरला आला. ते आधीचं कुटुंब तोवर दुसरीकडे गेलं होतं, जागा रिकामीच होती. भाच्याने सरांना फोन करून त्याचं नाव सुचवलं. एजंटाने जुन्याच मसुद्यात भाडेकरूचं नाव आणि आधार क्रमांक बदलला. चालान मात्र नवं काढावं लागलं.