विकत घेतलेल्या नावाचा हिशेब

एखादा ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, दोन वाटांनी उद्योगाच्या मालकीचे होते. पहिल्या वाटेत उद्योग स्वतःच नाव ठरवतो, त्याची नोंदणी करतो आणि वर्षानुवर्षे माल विकून ते नाव लोकांच्या तोंडी रुजवतो. दुसऱ्या वाटेत दुसऱ्याने रुजवलेले नाव पैसे मोजून घेतले जाते. हिशेबाच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. भारतात ज्या कंपन्यांना इंड-एएस मानके लागू नाहीत, त्यांच्यासाठी अमूर्त मालमत्तेचे नियम एएस 26 या लेखामानकात दिले आहेत. त्यानुसार स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, कारण तो घडवायला नेमका किती खर्च आला हे धंद्याच्या एकूण खर्चातून वेगळे काढता येत नाही. विकत घेतलेल्या नावाला मात्र ठरलेली किंमत असते, ती दिल्याचा कागद असतो, म्हणून ते मालमत्ता ठरते. पन्नास वर्षे लोणची विकणाऱ्या मूळ मालकाच्या ताळेबंदात त्याच्या नावाला जागा नसते आणि ज्या दिवशी तो ते विकतो त्या दिवशी खरेदीदाराच्या पुस्तकात तेच नाव लाखांच्या आकड्यात उभे राहते. हे विचित्र वाटते, पण नियम असाच आहे.

पैसे देण्यापूर्वी विकणारा खरोखर त्या नावाचा मालक आहे का, हे तपासावे लागते. 1998 साली फोक्सवॅगनने व्हिकर्स कंपनीकडून रोल्स-रॉइस मोटर कार्स 43 कोटी पौंडांना घेतली. क्रू येथील कारखाना, गाडीच्या बॉनेटवरची मूर्ती आणि पुढच्या जाळीचा आकार त्यांना मिळाला. रोल्स-रॉइस हे नाव मात्र विमानांची इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉइस पीएलसी या वेगळ्या कंपनीच्या मालकीचे होते आणि तिने मोटारींसाठी ते वापरण्याचा परवाना बीएमडब्ल्यूला 4 कोटी पौंडांत दिला. इतकी मोठी कंपनी जिथे अडकते, तिथे लहान उद्योगाने भारतीय ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरची नोंद उघडून पाहणे हे किमान काम. तिथे मालकाचे नाव, मालाचा वर्ग आणि मुदत दिसते, शिवाय अर्ज नोंदणीपर्यंत पोहोचला आहे की कुणाच्या विरोधात अडकला आहे हेही कळते. नोंदणी न झालेल्या अर्जाचीही खरेदी-विक्री होते, पण त्याची किंमत नोंदणीकृत चिन्हाइतकी धरण्यात अर्थ नसतो.

समजा, सांगलीतील एका मसाला कंपनीने एका जुन्या घरगुती उद्योगाकडून त्याचे नाव घ्यायचे ठरवले. त्या नावाच्या दोन नोंदण्या आहेत. मसाल्यांची नोंदणी वर्ग 30 मध्ये आणि लोणच्यांची वर्ग 29 मध्ये आहे. दोन्हींची मुदत ऑगस्ट 2028 पर्यंत आहे. सौदा 24 लाख रुपयांना ठरला आणि 1 ऑक्टोबर 2024 रोजी हस्तांतरणाचा लेखी करार झाला.

करार झाला की मालकी बदलते. मात्र सरकारी नोंदवहीत जुन्या मालकाचे नाव तसेच राहते. ते बदलण्यासाठी 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 45 खाली टीएम-पी या नमुन्यात अर्ज करावा लागतो. 2017 च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन अर्जाला प्रत्येक नोंदणीमागे 9,000 रुपये शुल्क आहे, म्हणजे दोन नोंदण्यांचे 18,000. हा अर्ज लांबणीवर टाकणे ही नेहमीची चूक. त्याच चिन्हात दुसऱ्या कुणी हक्क मिळवला आणि त्याला या कराराची माहिती नसली, तर नोंदीसाठी अर्जच केला नसल्याने पहिल्या खरेदीदाराचा करार त्याच्याविरुद्ध चालत नाही. आणखी एक बारीक गोष्ट आहे. धंद्याच्या नावलौकिकासह चिन्ह घेतले तर वेगळी अट नसते. केवळ चिन्ह विकत घेतले आणि नावलौकिक जुन्या मालकाकडेच राहिला, तर कलम 42 नुसार हस्तांतरणाची जाहिरात कशी द्यावी याचे निर्देश निबंधकाकडून सहा महिन्यांच्या आत मागावे लागतात. तसे केले नाही तर हस्तांतरण परिणामशून्य ठरते. म्हणून करारात ‘नावलौकिकासह’ हे शब्द आहेत की नाहीत, हे वकिलाने आधी पाहावे.

आता चिन्हाची किंमत किती, हे ठरवायचे. मालमत्ता मिळवण्यासाठी आणि ती वापरायोग्य करण्यासाठी जे थेट खर्च होतात, ते किमतीत धरायचे असतात. सौद्याचे 24,00,000 रुपये आहेत. कराराला मुद्रांक शुल्क लागते आणि त्याचा दर राज्यागणिक वेगळा असतो. हिशेबापुरते ते 3 टक्के धरले, तर 72,000 होतात. शोध घेणाऱ्या आणि करार लिहिणाऱ्या वकिलाचे 50,000 आणि टीएम-पीचे 18,000. ही बेरीज 25,40,000 होते आणि हीच ट्रेडमार्क खात्यावर नावे टाकायची रक्कम. नोंदणीचे शुल्क ‘किरकोळ कायदेशीर खर्च’ म्हणून त्याच वर्षी नफ्यातून वजा करण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. हे शुल्क नसते तर हक्क पूर्ण झाला नसता, म्हणून ते किमतीचाच भाग आहे.

कायमस्वरूपी हस्तांतरणावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे इथे 4,32,000 रुपये. कंपनी तो आपल्या विक्रीवरील करातून वळता करून घेणार असेल, तर तो चिन्हाच्या किमतीत येत नाही. दोन्हीकडे लाभ घेता येत नाही, कारण जीएसटीचा परतावा घेतल्यावर त्याच रकमेवर घसारा मागण्यास कायद्याने मनाई आहे. नवे नाव बाजारात आणण्यासाठी केलेली तीन लाखांची जाहिरातही किमतीत येत नाही. एएस 26 त्याबाबत स्पष्ट आहे: ब्रँडवर नंतर केलेला खर्च, मग तो ब्रँड घडवलेला असो वा विकत घेतलेला, नेहमी त्या त्या वर्षाचा खर्चच.

ही 25,40,000 ची रक्कम एका वर्षात खर्ची टाकली तर त्या वर्षीचा नफा विनाकारण खाली जाईल आणि पुढची वर्षे फुकटात मिळालेल्या नावावर कमावल्यासारखी दिसतील. म्हणून ती नावाच्या उपयुक्त आयुष्यावर पसरवतात. या पसरवण्याला अमॉर्टायझेशन म्हणतात. यंत्रावरचा घसारा आणि हे मूळ कल्पनेत एकच आहेत, पण यंत्र झिजताना डोळ्यांना दिसते आणि नावाची झीज अंदाजानेच ठरवावी लागते. त्यामुळे खरा प्रश्न उपयुक्त आयुष्याचा.

इथे नोंदणीच्या मुदतीकडे बोट दाखवणे सोपे असते. नोंदणी 10 वर्षांची असते, पण आपल्या उदाहरणात तिची जेमतेम चारच वर्षे उरली आहेत. मग खर्च चार वर्षांत वाटायचा का? मानक म्हणते, आयुष्य कायदेशीर हक्काच्या मुदतीपेक्षा जास्त नसावे; मात्र हक्काचे नूतनीकरण जवळपास निश्चित असेल तर पुढची मुदतही धरता येते. ट्रेडमार्कचे नूतनीकरण दर 10 वर्षांनी शुल्क भरून कितीही वेळा करता येते, ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गामागे 9,000 रुपये आहे. कंपनीचा हेतू आणि ऐपत असेल तर हे नूतनीकरण खात्रीचे धरता येते. म्हणून कायद्याच्या मुदतीपेक्षा बाजार काय सांगतो, याला जास्त वजन द्यावे. लोक हे नाव आणखी किती काळ मागतील, स्पर्धा कशी आहे, हा मसाला घरातल्या पुढच्या पिढीलाही आवडेल का? एएस 26 याबाबत सावध आहे. उपयुक्त आयुष्य 10 वर्षांपेक्षा जास्त नसते असे त्यात गृहीत धरले आहे. त्याहून जास्त धरायचे तर पटणारा पुरावा द्यावा लागतो. इंड-एएस 38 पाळणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आयुष्य ‘अनिश्चित’ असल्याचे सांगून अमॉर्टायझेशन न करण्याची मुभा आहे, पण त्या बदल्यात नावाची किंमत घटली का याची तपासणी दरवर्षी करावी लागते.

आपल्या कंपनीने 10 वर्षे धरली. शेवटी उरणारी किंमत शून्य मानली, कारण ब्रँडसाठी सक्रिय बाजार नसतो आणि ठरलेल्या किमतीला परत घेण्याचे वचन कुणी दिलेले नाही. वापराचा ठराविक नमुना सांगता येत नसल्याने दरवर्षी सारखी रक्कम घेतली: 25,40,000 ला 10 ने भागून 2,54,000. पहिल्या वर्षी 1 ऑक्टोबर ते 31 मार्च एवढे सहाच महिने मिळतात, म्हणून 1,27,000 अमॉर्टायझेशन खर्चाला नावे आणि संचित अमॉर्टायझेशनला जमा. मार्च 2025 च्या ताळेबंदात चिन्ह 24,13,000 ला दिसेल.

आयकराचा हिशेब निराळा आहे. या खरेदीच्या वर्षी लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 32 खाली ट्रेडमार्कवर 25 टक्के घसारा मिळत असे आणि तो दरवर्षी उरलेल्या रकमेवर मोजला जाई. त्या वर्षी मालमत्ता 180 दिवसांपेक्षा कमी काळ वापरली असेल, तर दर निम्मा होतो. 1 ऑक्टोबरपासूनच त्या नावाने माल विकला असेल, तर 31 मार्चपर्यंत 182 दिवस होतात, म्हणून पूर्ण 6,35,000 मिळतात. वापर 4 ऑक्टोबरला सुरू झाला असता तर दिवस 179 झाले असते आणि हाती 3,17,500 च आले असते. पुस्तकातले 1,27,000 आणि कराचे 6,35,000 यांतला फरक चूक नसतो. तो स्थगित कराच्या नोंदीत जातो आणि पुढच्या वर्षांत उलटा फिरतो.

हिशेब एकदा ठरला की विसरून जाण्याचा नाही. आयुष्याचा अंदाज दर वर्षअखेरीला पुन्हा तपासायचा असतो. समजा, मार्च 2029 मध्ये लोणच्यांची विक्री कोसळली आणि नावाने फार तर 6,00,000 वसूल होतील असे दिसले. तोपर्यंत साडेचार वर्षांचे 11,43,000 गेलेले असतात, पुस्तकात 13,97,000 उरलेले. मधला 7,97,000 चा फरक त्याच वर्षी तोटा म्हणून दाखवायचा. उरलेले आयुष्य तीन वर्षे मानले, तर पुढे दरवर्षी 2,00,000. मागच्या वर्षांचे आकडे बदलले जात नाहीत.

काहीच बिघडले नाही तर 30 सप्टेंबर 2034 रोजी पुस्तकातली किंमत शून्य होते. ऑगस्ट 2028 मध्ये नूतनीकरणासाठी भरलेले 18,000 रुपये त्याच वर्षाच्या खर्चात गेलेले असतात. नोंदणी मात्र ऑगस्ट 2038 पर्यंत जिवंत असते आणि त्या नावाने माल विकण्याचा कंपनीचा हक्क, ताळेबंदात त्याला शून्य किंमत असली तरी, पूर्ण राहतो.