127 रुपये गेले कुठे?

‘आपली मेंबरशिप रद्द करण्यात आली असून नियमानुसार प्रो-रेटा तत्त्वावर रु. 4,373 अदा करण्यात येतील.’ वाचून काही कळलं? घनसावंगीतल्या त्या पोरालाही नाही कळलं.

माझा मावसभाऊ तिथे अभ्यासिका चालवतो. वर्षाची फी 6,000. पोरगा पुण्याला निघाला, 8 जुलैला शेवटचं बसून गेला. त्याचं साधं गणित: तीन महिने झाले, नऊ उरले, म्हणजे 4,500. मग 127 रुपये गेले कुठे? ‘ताई, पैशापेक्षा हिशोबावर चिडलंय पोरगं,’ भाऊ फोनवर म्हणाला. ऑफिसात असलीच पत्रं लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मेसेज माझ्याकडे आला.

हिशोब बरोबरच होता. तो महिन्यांवर नव्हे, दिवसांवर होता एवढंच, आणि ते 127 रुपये म्हणजे जवळपास जुलैच्या त्या 8 दिवसांचे पैसे. पण मेसेजमध्ये दिवस कुठेच नव्हते! म्हणून ‘प्रो-रेटा’ला सुट्टी दिली आणि हातात पडणारी रक्कम पहिल्या ओळीत आणली:

‘नमस्कार. 8 जुलै हा शेवटचा दिवस धरून तुमची मेंबरशिप बंद केली आहे. तुम्हाला 4,373 रुपये परत मिळतील.
भरलेली फी: 6,000 (1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026, म्हणजे 365 दिवस)
वापरलेले दिवस: 99 (1 एप्रिल आणि 8 जुलै दोन्ही धरून)
उरलेले दिवस: 266
हिशोब: 6,000 × 266 ÷ 365 = 4,372.60, म्हणजे 4,373
कपात: नाही
पैसे 15 जुलैपर्यंत, फी ज्या खात्यातून आली तिथेच येतील. काही खटकलं तर याच नंबरवर फोन करा.’

‘दोन्ही धरून’ हे शब्द चुकूनही गाळायचे नाहीत, कारण एका दिवसाचा वाद तिथेच सुरू होतो. आधी गुणाकार, मग भागाकार. रोजचा दर आधी काढून सरळ 16 रुपये धरला, तर उत्तर 4,256 येतं आणि पोराचे 117 रुपये खरंच बुडतात. वर्षात 29 फेब्रुवारी येत असेल तर 365 च्या जागी 366.

‘कपात: नाही’ कशाला लिहायचं, असं भावाने विचारलंच. कारण गप्प बसलं की समोरचा तेवढंच शोधत बसतो! चार्ज असेल तर तो हिशोबात न मुरवता वेगळ्या ओळीत हवा. काही ठिकाणी वापरलेले महिने महागड्या मासिक दराने कापतात. महिना 700 असता, तर चार महिन्यांचे 2,800 जाऊन हातात फक्त 3,200 पडले असते. पण ही अट फी घेतानाच पावतीवर छापलेली हवी, निरोपाच्या मेसेजमध्ये नवीन निघालेली नको. भावाच्या पावतीवर तसं काही नव्हतं, म्हणून दिवसांचाच हिशोब.

नवा मेसेज गेला. पोराचं उत्तर आलं: ‘8 दिवस विसरलो होतो सर.’