तिळाची पाच अक्षरं

तीळ म्हटलं की आपल्याकडे आधी भविष्य आठवतं. ओठावर असला तर बडबड, तळपायावर असला तर प्रवास. त्वचारोगतज्ज्ञही तळपायावरचा तीळ निरखून बघतात, पण त्यांना शोधायचा असतो मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. भारतीयांमध्ये तो दुर्मीळ आहे, मात्र उशिरा सापडला तर फार वाईट.

साधा तीळ आणि मेलॅनोमा नुसत्या डोळ्यांनी वेगळे कसे ओळखायचे, यासाठी न्यूयॉर्कमधल्या फ्रीडमन, रायगेल आणि कॉफ या डॉक्टरांनी 1985 साली ए, बी, सी, डी अशी चार अक्षरं सुचवली. ‘ई’ची भर 2004 साली पडली.

‘ए’ म्हणजे असिमेट्री. तिळाच्या मधोमध मनातल्या मनात एक रेघ ओढायची आणि दोन्ही अर्धी जुळतात का ते बघायचं. साध्या तिळातल्या पेशी सगळीकडे सारख्याच चालीने वाढून थांबतात, म्हणून तो गोल किंवा लंबगोल दिसतो. कर्करोगाच्या पेशींना ही शिस्त नसते. एक टोळी डावीकडे भराभर पसरते, दुसरी जागीच रेंगाळते. त्यामुळे आकार एका बाजूला कलतो. ‘बी’ म्हणजे बॉर्डर, तीही याच बेशिस्तीची खूण. कड कुरतडल्यासारखी, खाचाखाचांची होते, किंवा टीपकागदावर शाई पसरावी तशी आजूबाजूच्या त्वचेत विरत जाते.

‘सी’ म्हणजे कलर, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं अक्षर हेच. तीळ काळा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. आपल्या कातडीवर काळेभोर तीळ असायचेच. प्रश्न आहे एकाच तिळात किती रंग आहेत याचा. रंगद्रव्य तेच, पण ते वरच्या थरात असेल तर काळं किंवा तपकिरी दिसतं, खोल असेल तर निळसर-करडं. लाली दिसली तर तिथे दाह किंवा वाढलेल्या रक्तवाहिन्या असतात. मध्येच पांढुरका चट्टा दिसला तर तीळ बरा होतोय असं वाटतं, पण तिथे शरीराने काही रोगट पेशी मारलेल्या असू शकतात आणि शेजारी रोग चालूच असतो.

‘डी’ म्हणजे डायामीटर. 6 मिलिमीटरपेक्षा मोठा तीळ संशयास्पद. शाळेतल्या साध्या पेन्सिलीची जाडी साधारण 7 मिलिमीटर असते. तिचं मागचं टोक तिळावर ठेवलं आणि तीळ बाहेर डोकावला तर मोठा समजायचा. हे अक्षर मात्र सगळ्यात कच्चं. सुरुवातीला प्रत्येक मेलॅनोमा याहून लहानच असतो, आणि कित्येक निरुपद्रवी तीळ मोठे असतात.

‘ई’ म्हणजे इव्हॉल्विंग, बदलणं. समजा, पंचावन्न वर्षांच्या काकूंच्या टाचेवर डाग आहे. लहान, एकरंगी, पहिल्या चार अक्षरांत पास. त्यांनी शेजारी पट्टी धरून मुलीकडून फोटो काढून घेतला. तीन महिन्यांनी त्याच उजेडात पुन्हा काढला, तर 4 मिलिमीटरचा डाग 6 चा झालेला आणि एका कडेला निळसर छटा. इतक्यावर डॉक्टरकडे जायला हवं. आधी डाग नव्हताच आणि या वयात नवा उगवला असेल, तर पट्टी शोधत बसू नये, थेट दाखवावा.

टाचेचंच उदाहरण घेतलं, कारण सावळ्या त्वचेत मेलॅनोमा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथल्या डागाला आपण कुरूप समजतो, ब्लेडने तासतो, कुरुपाची पट्टी लावतो आणि महिने निघून जातात. गायक बॉब मार्ली यांच्या अंगठ्याच्या नखाखालची जखम फुटबॉलची इजा समजली गेली. 1977 साली मेलॅनोमाचं निदान झालं आणि 1981 साली, छत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मार लागून नखाखाली साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. जागचा न हलणारा, रुंदावत जाणारा आणि नखाच्या मुळाशी कातडीवर उतरणारा काळा पट्टा वेगळा.

पाचही अक्षरांना चकवणारा एक प्रकार आहे: गाठीसारखा मेलॅनोमा. तो गोल, रेखीव, एकरंगी असतो, कधी तर चक्क गुलाबी. उंचवटा, टणकपणा आणि काही आठवडे सतत वाढ, या तीन गोष्टींवरून तो ओळखतात. उलट, उतारवयात पाठीवर येणाऱ्या खरखरीत, मेण चिकटवल्यासारख्या काळ्या खपल्या पाचही अक्षरांत नापास होऊनही बहुधा निरुपद्रवी असतात.

म्हणून अक्षरं फक्त दाखवायचं की नाही ते सांगतात. डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात आणि शंका राहिली तर शक्यतो अख्खा डाग काढून तपासायला पाठवतात. ‘तिळाला सुरी लावली की कॅन्सर पसरतो’ हे खरं नाही. अहवालात जाडीचा आकडा येतो, मिलिमीटरमध्ये. 1 पेक्षा कमी असेल तर बहुतेकदा डाग आणि भोवतीची थोडी कातडी काढण्यावर भागतं.