एका ‘कऱ्हाड’ची तीन रूपं

वसतिगृहात नावापेक्षा गावच जास्त चालतं. म्हणून या गोष्टीतल्या दोघांना कऱ्हाडकर आणि लातूरकर म्हणू. गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातली चूक खरी आहे. मराठीत टाइप केलेला मजकूर जिथे संगणक ताडून पाहतो, तिथे ती कधीही घडू शकते.

कॉलेजची हॅकेथॉन, चोवीस तासांची. सकाळी दहाला काम जमा करायचं होतं. दोघांनी मराठी प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप घेतलं होतं. चार पर्यायांतून निवडायचं नाही, उत्तर स्वतः टाइप करायचं, एवढंच त्याचं वेगळेपण. रात्री दोनपर्यंत सगळं चालत होतं. मग कऱ्हाडकरने स्वतःच्या फोनवर पहिला प्रश्न उघडला : कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम कोणत्या गावी आहे? त्याने ‘कऱ्हाड’ लिहिलं. पडद्यावर लाल फुली आली.

‘‘अरे, माझंच गाव चुकीचं ठरवतंय हे!’’

लातूरकरने लॅपटॉपवर तेच लिहून पाहिलं. तिथेही फुली. प्रश्नसंचातलं उत्तर आणि टाइप केलेली दोन उत्तरं त्याने एकाखाली एक मांडली. डोळ्यांना तिळमात्र फरक दिसेना. मग त्याने संगणकाला प्रत्येक शब्दाची लांबी विचारली. लॅपटॉपवरचा शब्द भरला सहा चिन्हांचा, फोनवरचा सात आणि प्रश्नसंचातला सात. इथे घोटाळा कळला.

संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचे क्रमांक पाहतो. आपण ज्याला अर्धा र म्हणतो, तो युनिकोडमध्ये एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतो. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कळफलक होता. त्यावर शिफ्ट धरून j दाबला की ‘ऱ’ हे एकच चिन्ह उमटतं. त्याला हलन्त जोडला की अर्धा र तयार. फोनवर कऱ्हाडकरने साधा र लिहून त्याखाली नुक्ता दिला होता, म्हणजे एकाऐवजी दोन चिन्हं. प्रश्नसंच एका जुन्या फाइलमधून उचललेला होता. त्यात साधा र, हलन्त आणि पुढे पडद्यावर न दिसणारं एक जोडचिन्ह होतं. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतली ही रीत आजही चालते. फोनवरचा आणि संचातला शब्द, दोन्ही सात चिन्हांचे, पण ती चिन्हं वेगळी. नुसती लांबी जुळली म्हणून शब्द जुळला असं होत नाही.

नुक्त्याचा प्रश्न चटकन सुटला. `normalize("NFC")` ही सोय जावास्क्रिप्टमध्ये आहेच. ती र आणि नुक्ता एकत्र करून ‘ऱ’ बनवते. अदृश्य जोडचिन्हाला मात्र ती हात लावत नाही.

पहाटे चारला लातूरकरने ते चिन्ह सरसकट पुसून टाकलं. घाईत कुणालाही हेच सुचेल, आणि मराठीत नेमकं हेच करायचं नसतं. जोडचिन्ह गेल्यावर र चा रफार होतो. ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ झालं. सह्याद्रीच्या प्रश्नात ‘दऱ्या’ हे उत्तर होतं, त्याचं ‘दर्या’ झालं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! हिंदीच्या मजकुरात ही पुसापुशी बहुधा खपून जाईल. मराठीत अर्ध्या र च्या दोन रूपांनी अर्थ बदलतो, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोघांना मिळणारा मान वेगळा असतो.

म्हणून पुसायचं नाही, बदलायचं. र, हलन्त आणि जोडचिन्ह हे तिन्ही ओळीने आले तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा :

```
const saaf = s => s.normalize("NFC")
  .replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
  .trim();
```

शेवटच्या ओळीतलं `trim` आगेमागे राहिलेली मोकळी जागा काढतं. फोनचा कळफलक शब्द सुचवतो तेव्हा पुष्कळदा मागे एक जागा सोडतो. ही चाळणी संचातल्या उत्तरालाही लावायची आणि टाइप केलेल्यालाही. एकालाच लावली तर फुली तशीच राहते. लावल्यावर तिन्ही ‘कऱ्हाड’ सहा चिन्हांचे झाले, आणि जुळले.

तेवढ्यात कऱ्हाडकरला आठवलं, ‘‘पण बरेच जण ‘कराड’ लिहितात की रे!’’ याला चाळणी उपयोगाची नाही. तो शब्दच वेगळा आहे, आणि तो मान्य करायचा की नाही हे माणसाने ठरवायचं. प्रत्येक प्रश्नाला एकाऐवजी मान्य उत्तरांची यादी जोडण्यात त्यांचे पुढचे तीन तास गेले. त्या पायी गुणतक्ता अर्धवट राहिला, आणि माझ्या मते त्यांनी बरोबरच निवड केली. बरोबर उत्तराला चूक म्हणणाऱ्या मंजुषेत गुण मांडून काय करायचं? दहाला सात मिनिटं असताना काम जमा झालं.

तुम्ही मराठीत शोध, याद्या किंवा परीक्षा असं काही बनवत असाल, तर ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ हे तीन शब्द दोन-तीन वेगळ्या कळफलकांवरून आणि एखाद्या जुन्या फाइलमधून आणून ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते पहिल्याच दिवशी करा.